फुटिंगची एक कड उचलली जाते तेव्हा: उत्केंद्र भाराखालचा मातीवरील दाब टप्प्याटप्प्याने

फुटिंगच्या हिशेबाच्या कागदांवर एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. कॉलमवर भार आहे, मोमेंट आहे, नेहमीचे सूत्र लावले आहे. एका कडेला दाब ११४ आला, दुसऱ्या कडेला उणे ४८. मग उणे आकड्यापुढे ‘ताण, म्हणून शून्य धरला’ असे लिहायचे, ११४ ची तुलना मातीच्या क्षमतेशी करायची आणि खाली ‘सुरक्षित’ लिहून पुढच्या फुटिंगकडे वळायचे. त्याच फुटिंगखाली कडेचा खरा दाब २४६ असतो, म्हणजे दुपटीहून जास्त.

माती फुटिंगला वरून धरून ठेवत नाही. ताण येणार म्हटल्यावर तिथे फुटिंग मातीपासून सुटते, आणि सुटलेल्या भागाने जे काम करायचे होते ते उरलेल्या भागावर येऊन पडते. उणे आकडा खोडला की हे काम कागदावरून नाहीसे होते, जमिनीतून होत नाही. हा लेख त्या उरलेल्या भागाचा हिशेब कसा करायचा याबद्दल आहे.

उदाहरणासाठी एमआयडीसीत असते तशी पत्र्याची हलकी लोखंडी शेड घेतली आहे. बहुमजली इमारतीत वरून इतका भार असतो की ताणाचा प्रश्न क्वचितच उठतो. शेडमध्ये उलट असते. वजन थोडे, वारा मोठा, आणि तोच वारा छप्पर वर खेचतो.

टप्पा १: भार गोळा करा, आणि सगळ्यात हलका भार विसरू नका

मातीवरचा दाब नेहमी प्रत्यक्ष भारांवर तपासायचा, १.५ ने गुणलेल्या भारांवर नाही. मातीच्या सुरक्षित क्षमतेत सुरक्षा गुणक आधीच घातलेला असतो. गुणलेले भार लागतात ते पुढे फुटिंगच्या काँक्रीटची जाडी आणि सळई काढताना. एकाच तक्त्यातून दोन्ही कामे उरकताना भारांचे गट मिसळतात, म्हणून दोन वेगळे तक्ते ठेवा.

आपल्या कॉलमखालचे भार, पेडेस्टलच्या माथ्याशी म्हणजे जमिनीच्या पातळीला, असे आहेत:

- मृत भार अधिक छपरावरचा चल भार: उभा भार १३० किलोन्यूटन, मोमेंट २५ किलोन्यूटन-मीटर, आडवा भार १० किलोन्यूटन.
- मृत भार अधिक वारा: मृत भार ५५ खाली, वाऱ्याची ओढ ४५ वर, म्हणून निव्वळ उभा भार फक्त १० किलोन्यूटन. मोमेंट ९५, आडवा भार ३०.

पहिला गट आकड्यांनी भारी वाटतो आणि बरेच जण तेवढाच तपासतात. उत्केंद्रता मात्र मोमेंट भागिले उभा भार असते. उभा भार जितका कमी, तितका भार मध्यापासून लांब सरकतो. त्यामुळे ताणाच्या तपासणीत कमीत कमी उभा भार आणि जास्तीत जास्त मोमेंट असलेला गट शोधून काढायचा असतो. सॉफ्टवेअरच्या तक्त्यात सर्वाधिक उभ्या भाराची ओळ वर असते म्हणून तेवढीच उचलू नका.

*तपासणी:* स्टाडसारख्या प्रोग्रॅममधून आधाराच्या प्रतिक्रिया घेत असाल, तर त्या आधाराने इमारतीवर लावलेली बले असतात. फुटिंगवर येणारे भार त्याच्या उलट चिन्हाचे. उभ्या भाराचे चिन्ह बदलले आणि मोमेंटचे तसेच ठेवले, तर मोमेंट आणि आडवा भार एकमेकांना वाढवतात की कमी करतात हेच चुकते.

टप्पा २: सगळे भार फुटिंगच्या तळाशी आणा

सुरुवातीला धरलेले फुटिंग: मोमेंटच्या दिशेने L = २.४ मीटर, आडव्या दिशेने B = १.८ मीटर, जाडी ०.४५ मीटर, तळ जमिनीखाली १.५ मीटर, पेडेस्टल ०.४५ मीटर चौरस.

तळाशी दोन गोष्टी वाढतात. पहिली म्हणजे वजन. काँक्रीट २५ आणि वरची माती १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरली, तर फुटिंगचे ४८.६, वर पेडेस्टल अधिक भराव सुमारे ८३, मिळून १३२ किलोन्यूटन. या शेडमध्ये फुटिंग आणि त्यावरची माती यांचेच वजन इमारतीच्या वजनाहून जास्त आहे, आणि तेच पायाला खाली धरून ठेवते.

दुसरी गोष्ट म्हणजे आडव्या भाराचा मोमेंट. आडवा भार माथ्याशी आहे आणि तळ त्याच्या १.५ मीटर खाली, म्हणून ३० × १.५ = ४५ किलोन्यूटन-मीटर आणखी. ही बेरीज राहून जाणे फार सर्रास घडते. आपल्या वाऱ्याच्या गटात ती राहिली, तर मोमेंटचा जवळजवळ तिसरा हिस्सा गायब होतो.

तळाशी एकूण उभा भार N आणि एकूण मोमेंट M यांचा हिशेब असा:

- मृत + चल: N = १३० + १३२ = २६२, M = २५ + १५ = ४०.
- मृत + वारा: N = १० + १३२ = १४२, M = ९५ + ४५ = १४०.

*सावधान:* भरावाचे वजन धरले, तर तो भराव तिथे कायम राहायला हवा. फुटिंगच्या माथ्यावरून पुढे केबलचा चर किंवा गटार जाणार असेल, तर तेवढी माती हिशेबातून आजच काढा.

टप्पा ३: क्षमतेचा आकडा कोणता, ढोबळ की निव्वळ, ते ठरवा

सॉइल रिपोर्टमधला आकडा बहुतेक वेळा निव्वळ असतो, म्हणजे खोदण्याआधी त्या खोलीवर मातीचा जो दाब होता त्याच्या वरचा. आपण मात्र वर माती आणि फुटिंगचे वजन धरून ढोबळ दाब काढतो आहोत. दोन्हींची तुलना करायची तर निव्वळ क्षमतेत जुन्या मातीचा दाब मिळवायचा.

मुरूमावर निव्वळ क्षमता १५० दिली आहे असे धरू. (दाबाची सगळी एकके किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, पुढे प्रत्येक वेळी लिहीत नाही.) १.५ मीटर खोलीवर मातीचा दाब १८ × १.५ = २७. म्हणून ढोबळ मर्यादा १७७.

वाऱ्यासाठी आयएस १९०४ मध्ये मातीच्या क्षमतेत २५ टक्क्यांपर्यंत वाढ मान्य आहे. ती निव्वळ आकड्यावर लावायची: १.२५ × १५० + २७ = २१४.५. भूकंपासाठी आयएस १८९३ ची वाढ मातीच्या प्रकारावर ठरते, आणि मऊ मातीला ती अजिबात मिळत नाही. रिपोर्टने स्वतःच वाढ नको म्हटले असेल तर रिपोर्ट पाळा.

टप्पा ४: उत्केंद्रता काढा आणि मगच सूत्र निवडा

क्रम इथे महत्त्वाचा आहे. आधी सूत्र लावून मग उणे चिन्ह दिसते का ते पाहू नका. आधी उत्केंद्रता काढा, ती L/6 शी ताडून बघा, आणि त्यावरून सूत्र निवडा.

```
e = M / N

e <= L/6 :  q_max, q_min = (N / (L*B)) * (1 ± 6e/L)

e >  L/6 :  a     = L/2 - e
            x     = 3*a
            q_max = 2*N / (B*x)

e >= L/2 :  फुटिंग उलटते, दाबाचा हिशेब नाही
```

यातला a म्हणजे भाराची रेषा जास्त दाबाच्या कडेपासून किती आत आहे ते अंतर, आणि x म्हणजे फुटिंगची जी लांबी मातीला टेकून राहते ती.

आपल्या फुटिंगसाठी L/6 = ०.४ मीटर.

मृत + चल गटात e = ४० ÷ २६२ = ०.१५३ मीटर. ०.४ च्या आत आहे, नेहमीचे सूत्र चालेल. सरासरी दाब २६२ ÷ ४.३२ = ६०.६, कडांचे दाब ८३.८ आणि ३७.५. मर्यादा १७७ आहे, हा गट निर्धोक.

मृत + वारा गटात e = १४० ÷ १४२ = ०.९८६ मीटर. ०.४ च्या कितीतरी बाहेर, १.२ च्या मात्र आत. इथे नेहमीचे सूत्र बाद.

*सावधान:* सूत्रातील L नेहमी मोमेंटच्या दिशेची बाजू असते, ती लांब असो की आखूड. ‘L म्हणजे लांब बाजू’ असे डोक्यात बसले की आडव्या ठेवलेल्या फुटिंगचा हिशेब पूर्ण चुकतो.

टप्पा ५: ताणाच्या प्रसंगी खरा दाब

सूत्र पाठ करण्यापेक्षा ते कुठून येते ते पाहिलेले बरे, कारण मग त्याची तपासणीही आपोआप कळते. माती फक्त दाबू शकते, म्हणून टेकलेल्या भागाखाली दाबाचा त्रिकोण उरतो: एका टोकाला शून्य, कडेला सर्वाधिक. या त्रिकोणाला दोन अटी पाळायच्या आहेत. त्याची एकूण बेरीज N इतकी हवी, आणि त्याचा गुरुत्वमध्य भाराच्या रेषेखाली हवा. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य जाड टोकापासून एक-तृतीयांशावर असतो. भाराची रेषा कडेपासून a वर आहे, म्हणून त्रिकोणाची लांबी 3a. मग बेरजेच्या अटीवरून ½ × q_max × 3a × B = N, आणि सूत्र तयार.

आपल्या गटात a = १.२ − ०.९८६ = ०.२१४ मीटर. टेकलेली लांबी ३ × ०.२१४ = ०.६४२ मीटर. म्हणजे २.४ मीटरच्या फुटिंगपैकी जेमतेम २७ टक्के भाग मातीला टेकलेला आहे. कडेचा दाब २ × १४२ ÷ (१.८ × ०.६४२) = २४५.६. वाऱ्याची वाढ धरूनही मर्यादा २१४.५, म्हणून हे फुटिंग नापास.

आता चुकीच्या वाटेने गेलो असतो तर काय झाले असते ते बघा. नेहमीच्या सूत्राने सरासरी ३२.९, कडा ११३.९ आणि −४८.१. उणे भाग खोडला की धन त्रिकोणाची लांबी १.६९ मीटर उरते. त्याची बेरीज ½ × ११३.९ × १.६९ × १.८ म्हणजे सुमारे १७३ किलोन्यूटन. भार तर १४२ आहे. माती भारापेक्षा ३१ किलोन्यूटन जास्त वर ढकलते आहे असा हिशेब झाला. शिवाय त्या त्रिकोणाचा गुरुत्वमध्य कडेपासून ०.५६ मीटरवर येतो, भाराची रेषा मात्र ०.२१ वर आहे. दोन्ही अटी मोडल्या.

*तपासणी:* कुठल्याही पद्धतीने, कुठल्याही सॉफ्टवेअरने दाब आला तरी या दोन ओळी हाताने करा. दाबाच्या आकाराचे घनफळ N इतके आहे का, आणि त्याचा गुरुत्वमध्य भाराखाली आहे का. दोन्हींतले एक जरी जुळले नाही तरी आकडा चुकलेला आहे.

उत्केंद्रता L/6 च्या किंचितच बाहेर असेल तर दोन्ही पद्धतींत फरक थोडा येतो, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे पचून जाते. e जसजशी L/2 कडे सरकते तसा नेहमीच्या सूत्राचा आकडा सावकाश वाढतो, खरा दाब मात्र झपाट्याने चढतो.

आणखी एक गल्लत. आयएस ६४०३ मध्ये उत्केंद्र भारासाठी L − 2e इतकी परिणामकारक लांबी घेऊन तिच्यावर समान दाब धरतात. आपल्या गटात तो १४२ ÷ (१.८ × ०.४२८) म्हणजे सुमारे १८४ येतो. हा आकडा २१४.५ शी ताडून ‘पास’ लिहायचा मोह होतो. पण ती पद्धत मातीच्या अंतिम क्षमतेसाठी आहे, आणि ती क्षमताही त्याच लहान झालेल्या मापांसाठी नव्याने काढावी लागते. कडेच्या दाबाची मर्यादा तिला लावायची नाही.

टप्पा ६: उलटण्याची तपासणी वेगळी करा

कडेचा दाब मर्यादेत आला म्हणजे फुटिंग उलटणार नाही असे सिद्ध होत नाही. कठीण मुरूमावर किंवा खडकावर दाब सहज पास होतो आणि फुटिंग मात्र उलटण्याच्या काठावर असते.

आयएस ४५६ प्रमाणे मृत भार धरून ठेवत असेल तर त्याचा ०.९ पटच भाग मोजायचा, आणि तो वाऱ्याच्या उलटवणाऱ्या मोमेंटच्या १.४ पट तरी हवा. वाऱ्याची वर ओढ हीसुद्धा उलटवणारी आहे. ती मृत भारातून वजा करून निव्वळ १० वर हिशेब केला तर गुणक चुकीच्या ठिकाणी लागतात. म्हणून ती उलटवणाऱ्या बाजूलाच ठेवायची. या कॉलमवर मृत भाराचा आणि वाऱ्याचा मोमेंट एकाच दिशेचे आहेत, म्हणून सगळ्या १४० ला १.४ लावणे सुरक्षित बाजूचे आहे.

जास्त दाबाच्या कडेभोवती मोमेंट घेतले तर धरणारा ०.९ × (१३२ + ५५) × १.२ = २०२. उलटवणारा १४० + ४५ × १.२ = १९४. गुणोत्तर १.०४. लागते १.४. इथेही नापास, आणि हा निकाल दाबापेक्षा गंभीर आहे.

टप्पा ७: फुटिंग बदला, कोणती बाजू वाढवायची ते समजून

मोमेंटच्या दिशेची बाजू वाढवणे सगळ्यात फलदायी. L वाढली की भाराच्या रेषेला आत राहायला जागा मिळते आणि फुटिंगवरची मातीही वाढते. B वाढवली तर वजन आणि टेकलेली रुंदी वाढते, भाराच्या रेषेला आत राहायला जागा मिळत नाही. नुसती जाडी वाढवून फारसे काही साधत नाही, कारण त्या जागी आधी मातीच होती आणि काँक्रीट तिच्यापेक्षा थोडेच जड आहे.

नवे माप घेऊ: L = ३.०, B = २.०, जाडी ०.५, तळ तसाच १.५ मीटरवर. वजन सुमारे १८४ किलोन्यूटन. वाऱ्याच्या गटात N = १९४, e = ०.७२ मीटर. L/6 = ०.५, म्हणजे अजूनही बाहेर. a = ०.७८, टेकलेली लांबी २.३४ मीटर, म्हणजे ७८ टक्के. कडेचा दाब २ × १९४ ÷ (२ × २.३४) = ८३. उलटण्याचे गुणोत्तर ०.९ × (१८४ + ५५) × १.५ ÷ (१४० + ४५ × १.५) = १.५५. दोन्ही पास.

मग ताण अजून आहे, तो चालेल का? माझे मत स्पष्ट आहे. कायमच्या भारांखाली, म्हणजे मृत आणि चल भाराच्या गटात, भार मधल्या एक-तृतीयांशात म्हणजे L/6 च्या आतच हवा. कायमची कड सुटलेली असेल तर एका बाजूची माती वर्षानुवर्षे जास्त दबत राहते, विशेषतः चिकणमातीत, आणि कॉलम कलतो. वाऱ्याचा किंवा भूकंपाचा झटका क्षणिक असतो, त्यात थोडी कड उचलली गेली तर चालते, पण निदान तीन-चतुर्थांश भाग टेकलेला राहावा असे मी धरतो.

*सावधान:* कड सुटते तेव्हा त्या बाजूच्या फुटिंगवर वरून माती आणि स्वतःचे वजन असते, खालून आधार नसतो. म्हणून त्या बाजूला फुटिंगचा माथा ताणात जातो. नव्या फुटिंगमध्ये वरचे वजन ३०.५ आणि पेडेस्टलच्या तोंडापासून बाहेर आलेला भाग १.२७५ मीटर. टेकलेल्या भागाचा थोडा उलट दाब वजा करून मीटर रुंदीमागे सुमारे २३ किलोन्यूटन-मीटर इतका उलटा मोमेंट येतो, तोही भार न गुणता. तो खालच्या जाळीला पेलणार नाही. इथे वरचीही जाळी लागते, आणि वारा दोन्ही बाजूंनी येतो म्हणून ती पूर्ण लांबीभर. फक्त तळाची जाळी दाखवलेली शेडच्या फुटिंगची ड्रॉइंग दिसली की आधी हेच तपासा.

टप्पा ८: पाणी भरले तर

कोकणात आणि सखल प्लॉटवर पावसाळ्यात पाणी फुटिंगच्या वर चढते. सोसाट्याचा वाराही तेव्हाच असतो. पाण्याखाली काँक्रीटचे उपयोगी वजन २५ वरून १५ वर, भरावाचे सुमारे ९ वर येते. नव्या फुटिंगचे १८४ चे वजन १०० वर उतरते. N = ११०, e = १.२७ मीटर. टेकलेला भाग २३ टक्क्यांवर घसरतो आणि उलटण्याचे गुणोत्तर १.०१ होते. कोरड्या हिशेबात आरामात पास झालेले फुटिंग इथे अगदी काठावर उभे राहते.

पाणी चढण्याची शक्यता रिपोर्टमध्ये किंवा शेजारच्या विहिरीत दिसत असेल, तर हा गट सुरुवातीलाच धरा आणि L पुन्हा वाढवा.

टप्पा ९: दोन्ही दिशांनी मोमेंट असेल तर

कोपऱ्यातल्या कॉलमला दोन्ही दिशांनी मोमेंट येतो. इथे प्रत्येक दिशा वेगळी तपासून दोन्ही ठिकाणी ‘एक-षष्ठांशाच्या आत’ लिहिणे चूक आहे. ताण न येण्याची जागा फुटिंगच्या मध्यावरचा एक समभुज चौकोन असते. त्याची टोके L/6 आणि B/6 वर असतात, आणि भार त्या चौकोनात पडायला हवा:

```
6*ex/L + 6*ey/B <= 1
```

ही बेरीज एकपेक्षा जास्त झाली की एक कोपरा सुटतो. दोन्ही उत्केंद्रता नेमक्या एक-षष्ठांशावर असल्या, तर वेगवेगळे पाहणारा ‘ताण नाही’ म्हणेल. बेरीज मात्र २ येते. नेहमीच्या सूत्राने कोपऱ्याचा दाब सरासरीच्या ३ पट येतो, खरा ३.३० पट असतो, आणि फुटिंगचा सुमारे पाचवा भाग सुटलेला असतो.

टेकलेला भाग इथे त्रिकोण, चौकोन किंवा पंचकोन होऊ शकतो, म्हणून एकच सोपे सूत्र नाही. फुटिंगचे लहान तुकडे करून, उणे दाबाचे तुकडे वगळून पुन्हा पुन्हा सोडवायचे. पायथनमध्ये ते एवढेच आहे:

```python
import numpy as np
L, B, N, ex, ey = 3.0, 2.0, 240.0, 0.5, 1/3
n = 300
x = (np.arange(n) + 0.5)*L/n - L/2
y = (np.arange(n) + 0.5)*B/n - B/2
X, Y = np.meshgrid(x, y)
V = np.stack([np.ones(n*n), X.ravel(), Y.ravel()])
F = np.array([N, N*ex, N*ey])
on = np.ones(n*n, bool)
for i in range(100):
    W = V[:, on]
    k = np.linalg.solve(W @ W.T * L*B/n**2, F)
    new = k @ V > 0
    if (new == on).all():
        break
    on = new
print(k[0] + k[1]*L/2 + k[2]*B/2, on.mean())
```

`ex` आणि `ey` दोन्ही शून्य किंवा धन द्या. पहिला आकडा कोपऱ्याचा दाब, दुसरा टेकलेला हिस्सा. इथे सरासरी ४० आहे, उत्तर १३२ च्या आसपास यायला हवे. त्याच्या जोडीला टप्पा ५ चे आकडे (२.४, १.८, १४२, ०.९८५९, ०) घालून २४५.६ च्या जवळ येते का ते बघा, मगच त्यावर विसंबा. भार कोपऱ्याच्या अगदी जवळ असेल तर उत्तर स्थिर होत नाही किंवा गणित अडते. अशा फुटिंगचे माप बदलायचे, त्याचा दाब काढत बसायचे नाही.

हे सगळे हिशेब फुटिंग कडक आहे आणि दाब सरळ रेषेत बदलतो असे धरून आहेत. फुटिंग पातळ आणि लांब असेल तर ते वाकते आणि दाबाचा आकार बदलतो. तेव्हा जाडी वाढवा किंवा लवचीक पायाचा वेगळा हिशेब करा.

टप्पा १०: साइटवर जाण्याआधी

ड्रॉइंगवर ‘३०००×२०००’ एवढेच लिहिलेले पुरत नाही. लांब बाजू कोणत्या ग्रिडला समांतर हे बाणाने दाखवा. हेच फुटिंग ९० अंशांत फिरवून ओतले, तर मोमेंटच्या दिशेला फक्त २ मीटर उरतात, टेकलेला भाग ४२ टक्क्यांवर येतो, कडेचा दाब १५४ वर जातो आणि उलटण्याचे गुणोत्तर १.१६ होते. पीसीसी टाकून झाल्यावर, जाळी बांधण्याआधी, ग्रिडच्या दोऱ्यावरून बाजू मोजा. नंतर फिरवता येत नाही.

भरावाची अटही ड्रॉइंगवर लिहा: पत्रे चढवण्याआधी सर्व फुटिंगवर जमिनीच्या पातळीपर्यंत दाबून भराव पूर्ण असावा. पत्रे बसले की वारा पूर्ण क्षमतेने लागतो. भराव नसेल तर फुटिंग आणि पेडेस्टलचे वजन ८० आणि वरून १०, म्हणजे N फक्त ९०. उत्केंद्रता १४० ÷ ९० = १.५६ मीटर, आणि फुटिंगची अर्धी लांबी १.५ मीटर.